भवानी

आमच्याकडं दुकान उघडल्यावर पहिलं जे गिऱ्हाईक रोख पैसे देऊन माल नेतं त्या विक्रीला भवानी म्हणतात, शहरात बोहनी म्हणतात तेच. भवानीचे नियम मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होते. भवानीला उधार द्यायचं नाही, भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, त्याच्याशी घासाघीस करायची नाही, दोन रुपये कमी दिले तरी घ्यायचे. मग ती नोट डोळ्यांना लावायची, गल्ल्याच्या लाकडाला टेकवायची आणि आत टाकायची. माझे वडील, आण्णा, हे इतकं मन लावून करायचे की लहानपणी मला वाटायचं पैशात खरंच काहीतरी जिवंत असतं.

एक नियम मात्र मला कुणी कधी सांगितला नव्हता आणि तरी तो मला माहीत होता. विधवा बाईची भवानी घ्यायची नाही.

बी.कॉम. करून २०२२ च्या मे महिन्यात मी घरी आलो. तीन वर्षं हॉस्टेलवर काढलेली, सुट्टीला यायचो पण पाहुण्यासारखा, उठायचो नऊला. आता घरीच राहायचं म्हटल्यावर आण्णांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की सकाळचं शटर तू उघड, मी आंघोळ पूजा उरकून साडेसातला येतो. म्हणजे साडेसहा ते साडेसात दुकान माझ्या ताब्यात. शटर वर करायचं, पायरीवर पाणी मारायचं, उदबत्ती लावायची, तराजूला हात लावून नमस्कार करायचा, मग दुधाचे क्रेट आत ओढायचे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की खालच्या गल्लीतल्या काकू रोज पावणेसातच्या सुमाराला येतात आणि पायरीच्या बाजूला, विजेच्या खांबाजवळ उभ्या राहतात. दुकानात येत नाहीत. हातात पिशवी, मुठीत नोट घडी घालून धरलेली. दुसरं कुणी येऊन दुधाची पिशवी नाहीतर पाव घेऊन गेलं की मग त्या पुढं येतात, चहापत्तीची पुडी, साखर, एखादा बिस्किटचा पुडा असलं काहीबाही घेतात आणि स्टँडकडं जातात. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला त्या कामाला आहेत, सात दहाची एसटी गाठायची असते, ती गेली की पुढची थेट आठ वाजता आणि मग अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

एक दिवस पाऊस होता, सात वाजले तरी दुसरं कुणी आलं नाही. काकू खांबाजवळ पदर डोक्यावर घेऊन उभ्या. मी हाक मारली, काकू या की आत, काय पाहिजे. त्या म्हणाल्या, "नको बाळ, होऊ दे की आधी कोण तरी." आणि सात वाजून पाच मिनिटांनी तशाच निघून गेल्या, काही न घेता.

मी गल्ल्यावर बसून राहिलो. त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं. आण्णा तर तिथं नव्हतेच, आणि असते तरी ते काही बोलले नसते, ते कधीच कुणाला टाकून बोलत नाहीत. काकूंचा नवरा गेला तेव्हा वर्षभराची उधारी आण्णांनी वहीतून काट मारून टाकली होती, हे सगळ्या गल्लीला माहिती आहे. तोच माणूस आणि तेच दुकान, पण ती बाई पावसात उभी राहते कारण तिला ठाऊक आहे की तिचं नाणं पहिलं पडलेलं इथं चालत नाही. हे तिला कधीतरी, कुणाच्या तरी नजरेतून, गिऱ्हाइकाला नुसतं "बसा जरा" म्हणण्यातून कळलं असणार. मला कळलं तसंच.

त्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला होता, ४ मे ला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची हे आमच्या गावात बंद, असा. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतीला ६ मे ला शंभर वर्षं होत होती, त्याच्या दोन दिवस आधी. मग त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं बघून पुढं या म्हणून सांगितलं. आमच्या दुकानात पेपर येतो, त्यावर दिवसभर चर्चा झाली आणि आण्णा स्वतः म्हणाले की चांगलं केलं, व्हायलाच पाहिजे होतं. त्यांना ते मनापासून वाटत होतं. फक्त आपल्या गल्ल्याचा आणि त्याचा काही संबंध आहे असं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याही आलं नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी लग्न केलं, हे शाळेत मी सनावळीसकट पाठ केलं होतं. ते सगळं पुस्तकात होतं. आणि खांब दुकानापासून चार पावलांवर.

मी ठरवलं की काकूंची भवानी घ्यायची. पण वाद घालायचा नाही, लिहून ठेवायचं. कॉलेजमधनं एक गोष्ट मी नक्की आणली होती ती म्हणजे जे म्हणायचं ते वहीत दिसलं पाहिजे, आणि ते आण्णांनाही पटणारं होतं कारण ते स्वतः रोजमेळ लिहिल्याशिवाय जेवत नाहीत.

आधी काकूच तयार होईनात. "आण्णांना विचारलंस का?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मी सांगतो त्यांना. हे मी लगेच केलं नाही, ती माझी चूक, त्याबद्दल पुढं येतंच. तीन दिवस त्या नको म्हणाल्या, चौथ्या दिवशी एसटीची वेळ झाली होती म्हणून नोट ठेवली. हातात दिली नाही, काउंटरवर बरणीच्या मागं ठेवली, जणू कुणाला दिसू नये. मी ती उचलून डोळ्यांना लावली, गल्ल्याला टेकवली, आत टाकली. काकूंनी ते बघितलं आणि काही न बोलता पटकन वळून चालायला लागल्या, साखरेची पिशवीसुद्धा विसरून. मी पळत जाऊन दिली.

२० जूनपासून २८ ऑगस्टपर्यंत, दहा आठवडे, मी एका शंभर पानी वहीत तीन रकाने लिहिले. तारीख वार, भवानी कोणी केली, आणि रात्री गल्ला मोजल्यावर दिवसाचा धंदा किती. मंगळवारी दुकान बंद असतं, म्हणजे एकूण साठ दिवस. त्यातले अठ्ठावीस दिवस काकूंची भवानी, बत्तीस दिवस दुसऱ्या कुणाची. पुढं गणपती होते, तेव्हा धंदा दुप्पट तिप्पट होतो, सगळा हिशोबच बदलतो, म्हणून त्याच्या आधी थांबलो.

२८ ऑगस्टला रात्री बेरजा केल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. काकूंच्या भवानीचे जे दिवस त्यांची सरासरी निघाली ८,४०० रुपये. बाकीच्या दिवसांची ११,१५० च्या वर. रोजचा पावणेतीन हजारांचा फरक! मी दोनदा बेरीज केली, तेच. त्या रात्री खरंच एक क्षण मनात आलं की म्हाताऱ्या माणसांचं काही उगीच नसतं. आणि तो क्षण मी इथं लिहितोय कारण जी माणसं हे मानतात ती वेडी नसतात, त्यांच्या डोळ्यासमोर असंच काहीतरी दिसलेलं असतं.

वही दाखवायची की नाही या विचारात दोन दिवस गेले आणि मग जे व्हायचं ते झालं. दुकानातला फ्रीज रात्रीत बंद पडला, दूध नासलं, आणि दुपारी ज्याच्याकडं मोठी उधारी होती तो माणूस गाव सोडून गेल्याची बातमी आली. संध्याकाळी आण्णा गल्ल्यावर हात ठेवून बसले आणि त्यांनी विचारलं, "आज भवानी कोणी केली?"

मी सांगितलं. आणि आजचीच नाही, जूनपासून करतायत, तेही सांगितलं.

आण्णा ओरडले नाहीत. ते म्हणाले, "मला न सांगता?" एवढंच. ते मला जास्त लागलं, कारण बरोबर होतं. दुकान त्यांचं, काकूंनी पण आधी त्यांचंच विचारलं होतं आणि मी दोघांनाही फसवल्यासारखं झालं. मी माफी मागितली. मग आतून वही आणली आणि त्यांच्यापुढं ठेवली, मधले आकडे न लपवता, ८,४०० आणि ११,१५० दोन्ही खाली अधोरेखित केलेले तसेच.

आण्णांनी चष्मा लावला. पान उलटत गेले. चाळीस वर्षं रोजमेळ लिहिणारा माणूस आकडे कसे वाचतो ते बघण्यासारखं असतं, बोट खाली सरकत जातं आणि ओठ हलतात. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"रविवार धरलास काय यात?"

मी म्हटलं हो, सगळेच दिवस आहेत.

"आणि तिला रविवारी सुट्टी असती."

असती. काकू रविवारी येतच नाहीत. आणि रविवारी आमच्याकडं आठवडी बाजार असतो, आजूबाजूच्या वाड्या वस्त्यांतली माणसं येतात, धंदा सतरा हजाराच्या घरात जातो. दहाच्या दहा रविवार त्या बत्तीस दिवसांत पडले होते. काकूंच्या अठ्ठावीस दिवसांत एकही नव्हता. आण्णांनी पेन्सिल घेतली, ते दहा रविवार एकेक करून खोडले, राहिलेल्या बावीस दिवसांची बेरीज तोंडानं केली, भागिली. ८,५००. काकूंचे ८,४००. शंभर रुपयांचा फरक, जो एका गिऱ्हाइकानं तेलाची पिशवी आज घेतली की उद्या घेतली एवढ्यानं इकडचा तिकडं होतो.

म्हणजे मी कॉलेजमध्ये शिकून आलो आणि जी चूक मला दिसली नाही ती माझ्या न शिकलेल्या बापानं चार पानांत पकडली. त्यांना पेन्सिल हातात घेऊन स्वतःच्याच समजुतीच्या विरुद्ध हिशोब करताना मी बघितलं आणि त्या रात्री मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं.

अठ्ठावीस आणि बावीस दिवस हे काही फार नाहीत, एका दुकानाचे, एका पावसाळ्यातले. त्यावरनं बारीक काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण समजूत बारीक नव्हती ना, समजूत अशी होती की दिवसच वाया जातो. तसं असतं तर ते अठ्ठावीस दिवसांत दिसलं असतं. आणि फ्रीज बंद पडला त्या दिवशी आण्णांनी भवानी कोणाची ते विचारलं, पण जुलैत एका लग्नघरानं एकदम महिन्याचा माल नेला त्या दिवशीसुद्धा भवानी काकूंचीच होती, वहीत आहे, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. वाईट दिवशीच विचारायची सवय असली की वाईट दिवसच लक्षात राहतात. हे मी आण्णांना म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

पण मान हलवली म्हणून झालं असं नसतं. वही मिटून ते म्हणाले, "आकड्याचं बरोबर आहे. पण लोकं बघत्यात. आणि आतली म्हातारी?"

आतली म्हातारी म्हणजे माझी आजी. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून शेंगदाणे निवडणारी, डाळी चाळणारी, पुड्या बांधणारी. दुपारी कधी पुढं येऊन बसते पण सकाळी नाही. मला ते तिच्या गुडघ्यामुळं वाटायचं, खरंच वाटायचं, बावीस वर्षांचा होईपर्यंत!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायला गेलो तर आण्णा आधीच खाली आलेले. खांद्यावर पंचा. त्यांनी देवघरातनं एक रुपयाचं नाणं आणलं होतं. ते डोळ्यांना लावलं, गल्ल्यात टाकलं आणि मला म्हणाले, "झाली भवानी. आता कुणी पण येऊ दे." आणि आंघोळीला गेले.

मला आधी राग आला. ही तर पळवाट झाली, म्हणजे काकूंचं नाणं पहिलं नकोच, फक्त तसं म्हणायचं नाही. मी दिवसभर तोंड पाडून होतो. रात्री आजीजवळ बसलो शेंगा फोडत आणि तिला सांगितलं आण्णांनी काय केलं ते. ती हसली. म्हणाली, "त्येचं त्येला आठवलं बघ."

मग तिनं सांगितलं. आजोबा गेले तेव्हा आण्णा अकरा वर्षांचे. घरात दुसरं कुणी कमावणारं नाही, दुकान तिलाच चालवायचं होतं. पण सकाळी गल्ल्याला तिनं हात लावायचा कसा? दुकानात पहिलं माणूसच विधवा, तर गिऱ्हाईक येणार नाही अशी भीती. म्हणून तिनं रोज सकाळी पोराला झोपेतनं उठवायचं, तोंड धुऊन पुढं आणायचं, त्याच्या हातात देवापुढचं नाणं द्यायचं आणि त्यानं ते गल्ल्यात टाकायचं. मग तो शाळेत जायचा आणि दिवसभर दुकान ही बघायची. गिऱ्हाईक तिच्याकडनंच माल घ्यायचं, उधारी तिच्याकडंच फेडायचं, होलसेलवाले तिच्याशीच भाव करायचे. कित्येक वर्षं. दुकान तिनं उभं केलं आणि भवानी एका झोपाळू पोरानं केली.

मी विचारलं, तुला कधी वाटलं नाही का आपण टाकावं म्हणून? ती म्हणाली, "वाटाया काय, दुकान चाललं पायजे हुतं."

म्हणजे आण्णांना जो नियम मोडवत नव्हता तो त्यांना कुण्या भटाब्राह्मणानं किंवा पोथीनं शिकवला नव्हता. तो त्यांना त्यांच्या आईनं शिकवला होता, आणि तिनं तो स्वतःला बाजूला ठेवून शिकवला होता. तो खोटा म्हणायचा तर ती इतकी वर्षं मागं का बसली याचं उत्तर द्यावं लागतं. मला माझ्या वहीतले आकडे त्या रात्री फार सोपे वाटले.

आता या गोष्टीला बराच काळ झाला. आण्णांचं नाणं रोज पडतं. त्याचा परिणाम एवढा नक्की झाला की खांबाजवळ कुणी उभं राहत नाही. आधी काकू, मग वरच्या आळीतल्या दोन बायका, आता सरळ पायरी चढून येतात. कुणी जाहीर केलं नाही, जसा नियम न बोलता कळला होता तसाच त्याचा शेवटही न बोलता कळला. आणि त्यात क्यूआर कोड आला. काउंटरवर तो छोटा डबा आहे, पैसे आले की मोठ्यानं सांगतो. परवा मी शटर उघडत होतो, डबा नुसता चालू केला तोवर तो बोलायला लागला, पुण्यात नोकरीला असलेल्या कुणीतरी आपल्या आईची उधारी पहाटेच पाठवली होती. आई विधवा, पैसे मुलाचे, माल मागच्या महिन्यातला, आणि दुकान अजून धड उघडलेलं नाही. भवानी कुणाची? आण्णा थोडा वेळ त्या डब्याकडं बघत राहिले, मग नाणं टाकलं आणि आंघोळीला गेले.

गेल्या आठवड्यात आण्णा गावाला गेले होते. नाणं टाकायचं काम माझ्याकडं. मी ते घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि आजीला म्हटलं, आज तू टाक. ती नको नको म्हणाली, मग उठली. भिंतीला धरत धरत दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली. नाणं हातात घेतलं, पदरानं पुसलं, दोन्ही बाजूंनी पुसलं, बराच वेळ. शटर उघडं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. गल्ला उंबऱ्यापासून दोन हातांवर.

मग तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली. "तू टाक. मी हितनं बघते."

मी टाकलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली, आत गेली नाही. तेवढ्यात काकू पायरी चढून आल्या, आजीला सकाळी पुढं बघून थबकल्या. आजी म्हणाली, "ये गं. काय पायजे?" काकू म्हणाल्या चहापत्ती. आजीनं मला हातानं थांबवलं, वाकून खालच्या फळीवरची पुडी स्वतः काढली आणि काकूंच्या हातात दिली. मग घड्याळाकडं बघून म्हणाली, "जा लौकर, गाडी जाईल."